अकरा गुंठे, अकरा आर आणि 'साडेदहाशे फूट': परदेशातल्या खरेदीदाराला क्षेत्र कसं सांगावं

प्रश्न: वाईजवळ आमचा बिनशेती प्लॉट आहे. घरात सगळे त्याला 'अकरा गुंठे' म्हणतात, सातबाऱ्यावर ११.०० लिहिलंय. शिवाय पुण्यात २०१२ साली घेतलेला फ्लॅट आहे, 'साडेदहाशे फूट'. म्युनिकमधलं एक मराठी कुटुंब दोन्ही घ्यायला तयार आहे, पण त्यांना सगळं चौरस मीटरमध्ये हवंय. प्लॉटचे भावाने १०२२ मीटर काढले, मी १११३. कोणाचं बरोबर? आणि फ्लॅटचे ९७.५ मीटर सांगितले तर चालेल ना?

उत्तर:

दोघांचंही बरोबर नाही. सातबाऱ्यावर खरोखर ११.०० असेल तर प्लॉट ११०० चौरस मीटर आहे, आणि त्यासाठी काहीच रूपांतर करावं लागत नाही. फ्लॅटचे ९७.५ मात्र कृपया कळवू नका. तो गुणाकार चुकलेला नाही, पण ज्या साडेदहाशेपासून तो सुरू होतो ते घराचं क्षेत्र नाही.

सातारा-पुणे पट्ट्यात मी मालमत्तांच्या मूल्यांकनाचं काम करतो. परदेशातले खरेदीदार असले की हा गोंधळ हमखास समोर येतो. माणसं गणितात क्वचितच चुकतात. ती तोंडी आकड्यापासून सुरुवात करतात, तिथं चुकतं. तोंडी आकडा आधीच कुणीतरी गोळाबेरीज केलेला असतो, त्याचं आपण दशांशापर्यंत रूपांतर करतो आणि तो अचूक वाटायला लागतो. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे: कागदावर जे एकक आहे तिथून निघायचं, एकदाच रूपांतर करायचं, आणि आकड्याआधी हे क्षेत्र कसलं आहे ते सांगायचं.

आधी प्लॉट घेऊ. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. हे माप मोजणीच्या जुन्या ३३ फुटी साखळीतून आलं आहे. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मीटरमध्ये एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो. आर हे मेट्रिक माप आहे, दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर किंवा १०७६.४ चौरस फूट. दोन्ही चौकोन जमिनीवर आखले तर गुंठ्याची बाजू आरच्या बाजूपेक्षा जेमतेम सहा सेंटिमीटर मोठी निघते. डोळ्याला हा फरक दिसत नाही, त्यामुळे गावात 'आर म्हणजे गुंठाच' असं सर्रास म्हणतात. जुन्या खरेदीखतांतही 'अकरा गुंठे म्हणजे ११ आर' असं लिहिलेलं सापडतं.

तुमचा १११३ हा आकडा तिथून आला. तुम्ही अकरा गुंठे खरे धरले आणि १०१.१७ ने गुणले. भावाने बहुधा 'गुंठा म्हणजे हजार फूट' हा प्लॉटिंगवाल्यांचा सोयीचा हिशोब धरला, ११,००० चौरस फूट केले आणि त्याचे मीटर काढले. तुमचा हिशोब तेरा मीटर जास्त सांगतो, भावाचा ७८ मीटर कमी. सातबारा ११ आर म्हणतो. त्याचे गुंठे काढायचे तर १०.८७ येतात आणि चौरस फूट ११,८४०.

एक शंका मात्र आधी फेडून घ्या. तो ११.०० आकडा कोणत्या एककात आहे हे सातबाऱ्यावरच वाचा. आताच्या नमुन्यात शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं आणि बिनशेतीचं आर, चौरस मीटर असं. त्यातली टिंबं म्हणजे दशांशचिन्ह नव्हे, ती खाने वेगळे करतात. ११.०५ म्हणजे अकरा आर आणि पाच चौरस मीटर, म्हणजे ११०५. तेच कुणी हाताने '११.५' असं उतरवून पाठवलं की वाचणारा साडेअकरा आर समजतो आणि ११५० धरतो. म्हणून खरेदीदाराला सातबाऱ्यातला आकडा जसाच्या तसा टाइप करून कधी पाठवू नये. पूर्ण चौरस मीटर करून पाठवावा आणि सोबत सातबाऱ्याची प्रत जोडावी.

दुसरी शंका जुन्या नोंदींची. मेट्रिक मापं येण्यापूर्वी सातबाऱ्यावर एकर-गुंठे असायचे. तुमच्या जुन्या उताऱ्यावर किंवा फेरफारावर खरोखर अकरा गुंठे असतील, तर मेट्रिकमध्ये ते ११ आर १३ चौरस मीटर व्हायला हवे होते. मग तेरा मीटर कुठे गेले, हा प्रश्न खरा ठरतो आणि त्याचं उत्तर भूमी अभिलेख कार्यालयातल्या नोंदींत शोधावं लागतं. जुना उतारा नसेल, किंवा त्यावरही आरच असतील, तर 'अकरा गुंठे' हे फक्त घरातलं बोलणं आहे.

यात पैशाचा भाग किती? समजा तुमचं बोलणं गुंठ्याला पाच लाख या दराने झालं आहे. तुम्ही अकरा गुंठे धरून ५५ लाख सांगाल. खरेदीदार म्युनिकमध्ये बसून ११०० मीटरचे गुंठे काढेल आणि ५४ लाख ३६ हजारांवर येईल. चौसष्ट हजारांचा फरक. एवढ्या व्यवहारात ही रक्कम मोठी नाही, पण ती विश्वासाला लागते. समोर नसलेला माणूस कागदावरूनच तुमची परीक्षा करत असतो. पहिलाच आकडा जुळला नाही की तो पुढचे सगळे आकडे संशयाने वाचतो. म्हणून अशा व्यवहारात मी गुंठ्याचा दर सांगूच देत नाही. पूर्ण प्लॉटची किंमत सांगा आणि हवा तर मीटरचा दर सांगा. ५५ लाखच हवे असतील तर ११०० मीटरला ५००० रुपये मीटर. हे स्वच्छ आहे, इथे कुणाला काही रूपांतर करायचं नाही.

जर्मनीचा तुम्हाला एक फायदाही आहे. तिथे जमिनीला चौरस मीटर आणि हेक्टर रोजचे आहेत, आरही ओळखीचा आहे. म्हणजे आपला सातबारा ज्या मापात बोलतो त्याच मापात तुमचा खरेदीदार विचार करतो. आर मधून गुंठे, गुंठ्यांतून फूट आणि फुटांतून पुन्हा मीटर असा वळसा घालून आपणच मधे गोंधळ आणतो. खरेदीदार अमेरिकेत असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथे एकर आणि चौरस फूटच समजतात, आणि त्यांचा एकर आपल्याइतकाच आहे. फक्त शेतजमिनीच्या वेळी '४० आर म्हणजे एक एकर' म्हणायचं नाही. ४० आर म्हणजे ४३,०५६ चौरस फूट, पूर्ण एकरापेक्षा ५०४ फूट कमी, जवळपास अर्धा गुंठा.

शेतजमिनीचा विषय निघाला म्हणून एवढंच सांगतो की अनिवासी भारतीयांना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. परकीय चलन कायद्याचा तो नियम आहे. राहण्याची किंवा व्यावसायिक मालमत्ता घेता येते. म्हणून तुमच्या प्लॉटचा बिनशेती आदेश हाताशी ठेवा आणि त्यातलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळतं का ते पाहा. आदेश ११०० मीटरचा नसून कमी क्षेत्राचा असेल, तर उरलेला तुकडा त्यांना घेताच येणार नाही, आणि मग क्षेत्राचा प्रश्न हिशोबाचा न राहता कायद्याचा होतो.

कागदावर ११०० आहेत म्हणजे जागेवर ११०० आहेतच असं नाही. शेजाऱ्याचं कुंपण आत आलेलं असतं, किंवा समोरचा रस्ता तुमच्याच क्षेत्रातून गेलेला असतो. लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर नकाशावर प्लॉटच्या बाजू दिलेल्या असतात, त्या पाहा. नकाशावर २५ मीटर बाय ४४ मीटर असेल तर गुणाकार ११०० येतो, आणि हा पुरावा परदेशी बसलेल्या माणसाला कुठल्याही रूपांतरापेक्षा जास्त पटतो. आडव्यातिडव्या प्लॉटला चारही बाजू आणि एक कर्ण द्या, म्हणजे त्याला दोन त्रिकोण करून क्षेत्र पडताळता येतं. लेआउट नसेल तर सरकारी मोजणी करून घ्या आणि नकाशाची 'क' प्रत पाठवा. मोजणीचा खर्च आणि वेळ जातो, पण दूरच्या व्यवहारात मी तो टाळू देत नाही.

बाजू फुटात द्यायच्या असतील तर लांबीचा आणि क्षेत्राचा गुणक वेगळा आहे हे विसरू नका. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ११०० ला ३.२८ ने गुणून '३६०८ फुटांचा प्लॉट' असं लिहिलेले संदेश माझ्याकडे पडताळणीला आलेले आहेत. आलेल्या चौरस फुटांना १०८९ ने भागून गुंठे काढा, म्हणजे ही चूक लगेच उघडी पडते. ३६०८ चे सव्वातीन गुंठेच होतील, आणि प्लॉट तेवढा लहान नाही हे तुम्हाला पाहूनच माहीत असतं.

आता फ्लॅट. इथे एककापेक्षा क्षेत्राची व्याख्या महत्त्वाची. २०१२ च्या सुमाराला पुण्यात बिल्डर जो आकडा बोलायचे तो बहुतेक वेळा विक्रीयोग्य क्षेत्राचा, म्हणजे सुपर बिल्टअपचा असायचा. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लबहाऊस यांचा वाटा मिळवलेला असे. तो किती मिळवायचा याला एकच नियम नव्हता, प्रत्येक प्रकल्पात वेगळा. म्हणून 'साडेदहाशे' या एका आकड्यावरून आतलं घर किती, हे गणिताने काढता येत नाही. करारनामाच पाहावा लागतो.

तुमचा करारनामा मी पाहिलेला नाही, म्हणून त्या काळात नेहमी दिसणारा नमुना घेतो. समजा त्यात कार्पेट ६८.४० चौरस मीटर लिहिलंय आणि लागून असलेली टेरेस ६.०० चौरस मीटर वेगळी दिली आहे. फुटांत कार्पेट ७३६ आणि टेरेस साधारण ६५, मिळून ८०१. बोलण्यातले १०५० हे त्याच्यावर ३१ टक्के चढवून झालेले आहेत. तुम्ही १०५० चे ९७.५ मीटर करून कळवले, तर म्युनिकमधलं कुटुंब ते घराच्या आतलं क्षेत्र समजेल. तिकडे घराचं क्षेत्र सांगताना खोल्यांचं आतलं माप धरतात, भिंती धरत नाहीत, आणि बाल्कनी-टेरेसचा साधारणपणे चौथा हिस्सा मिळवतात. त्या हिशोबाने हे घर ६८.४ अधिक दीड, म्हणजे सुमारे ७० मीटरचं. साडेसत्तावीस मीटर घर हवेत विरलं असं त्यांना वाटेल, आणि त्यांची काही चूक नसेल. तुम्ही खोटं बोललेला नसाल, तरी ऐकणाऱ्याला तसंच वाटेल.

'रेरा कार्पेट' हा शब्दही जपून वापरा. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःची बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात येत नाहीत, पण घरातल्या खोल्यांमधल्या भिंती येतात. महाराष्ट्रात ही व्याख्या प्रत्यक्ष व्यवहारात २०१७ पासून आली. तुमचा करारनामा त्याआधीचा आहे, त्यात 'कार्पेट' म्हणजे काय धरलंय ते त्याच्याच कलमांत आणि जोडलेल्या नकाशात शोधावं लागेल. काही करारांत बाल्कनी कार्पेटमध्ये मिळवलेली असते. म्हणून खरेदीदाराला 'रेरा कार्पेट ६८.४' असं लिहू नका. 'करारनाम्यानुसार कार्पेट' असं लिहा आणि ते पान जोडा.

त्याच्या जोडीला प्रत्यक्ष मोजमाप द्या. लेझर मीटर आता सहज मिळतो. प्रत्येक खोलीत गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीवर लांबी-रुंदी घ्या, म्हणजे स्कर्टिंग मधे येत नाही. हॉल, खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, पॅसेज, सगळं. टेरेस आणि ड्राय बाल्कनी वेगळ्या ओळीत. बेरीज करारातल्या कार्पेटपेक्षा थोडी कमी येईल. खोल्यांमधल्या भिंती आणि गिलावा तुमच्या मापात नाहीत, त्यामुळे ते साहजिक आहे, आणि खरेदीदाराला तसंच कळवा. फरक खूपच मोठा आला, किंवा तुमची बेरीज उलट जास्त आली, तर थांबून कारण शोधा. पुण्यात जास्त येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हॉलला लागलेली बाल्कनी मधली भिंत काढून आत घेतलेली असते. मग हॉल मोठा दिसतो, पण कागदावर तो भाग बाल्कनीच असतो. हे आधीच सांगून टाका, कारण कर्ज असेल तर बँकेचा मूल्यांकनकार नकाशा घेऊनच घरात येतो.

फूट-इंचात मोजत असाल तर आणखी एक जागा जपा. ११ फूट १० इंच म्हणजे ११.१० फूट नव्हे, ११.८३ फूट. मीटरमध्ये ३.६१. कॅल्क्युलेटरवर ११.१० टाकलंत तर प्रत्येक खोलीत काही फूट गळतात आणि शेवटी बेरीज का जुळत नाही ते कळत नाही. मी अशा कामाला पहिल्यापासून मीटरमध्येच मोजतो.

आकडे लिहिण्याची पद्धतही इथे नडते. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, आपल्या बरोबर उलट. तुम्ही १,१०० असं लिहिलंत तर तिकडच्या सवयीने ते एक पूर्णांक एक दशांश वाचलं जाऊ शकतं. ते कुटुंब मराठी आहे, त्यामुळे ते स्वतः गडबडणार नाहीत, पण कागद तिथल्या बँकेकडे किंवा सल्लागाराकडे गेला तर हा गोंधळ होतो. ११०० सलग लिहा, मधे काही घालू नका. किंमत लाखांत आणि पूर्ण अंकांत, दोन्हीत द्या.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असा मजकूर पाठवला असता: 'प्लॉट, बिनशेती, सातबाऱ्यानुसार क्षेत्र ११०० चौरस मीटर (११ आर). बाजू मंजूर नकाशाप्रमाणे २५ मीटर आणि ४४ मीटर. स्थानिक बोलण्यात याला अकरा गुंठे म्हणतात, पण नेमके गुंठे १०.८७ होतात. फ्लॅट, करारनाम्यानुसार कार्पेट ६८.४० चौरस मीटर, टेरेस ६.०० चौरस मीटर वेगळी. खोल्यांची आतली मापं सोबतच्या तक्त्यात. बिल्डरने सांगितलेले १०५० चौरस फूट हे सामाईक जागेचा वाटा धरून होते, ते घराचं क्षेत्र नाही.' नकाशावरच्या बाजू आणि करारातले आकडे अर्थात तुमचे घाला, मी उदाहरणासाठी घेतलेले नकोत.

शेवटची गोष्ट साठेखताची. त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्येच लिहून घ्या, कंसात गुंठे घातलेच तर १०.८७ घाला, ११ नको. आणि किंमत एकरकमी आहे की मीटरच्या दराने, हे स्पष्ट लिहा. मोजणीत ११०० च्या जागी १०८५ निघाले, तर एकरकमी व्यवहारात किंमत तीच राहते, दराच्या व्यवहारात ५००० रुपये मीटरने पंचाहत्तर हजार कमी होतात. दोन्ही पद्धती चालतात. पण कोणती ठरली आहे हे मोजणीच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे, कारण मोजणीचा नकाशा आल्यावर प्रत्येकाला आपल्याला सोयीची पद्धतच आठवते. मोजणी झालेली नसेल तर साठेखतात तिची मुदत आणि खर्च कोणाचा, एवढी दोन वाक्यं वकिलांकडून घालून घ्या.